जुन्या मित्राला खूप वर्षांनी मेसेज करताय? या चुका टाळा

समजा, कुपवाड एमआयडीसीत तुमचं छोटं मशीन शॉप आहे. डिप्लोमाला बरोबर असलेला एकजण आता चाकणच्या कंपनीत परचेसला आहे. सात-आठ वर्षांत बोलणं नाही आणि आता काम निघालंय.

आधी नंबर त्याचाच आहे का, हे दुसऱ्या मित्राकडून खात्री करून घ्या. बंद झालेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो.

पहिली चूक म्हणजे ‘हाय, ओळखलंस का?’ फोन बदलला की तुमचं नाव तिकडे दिसेलच असं नाही, वर त्याची परीक्षा कशाला? नुसतं ‘पाटील बोलतोय’ म्हणूनही सांगली जिल्ह्यात भागत नाही. नाव सांगा, आणि तुम्हा दोघांनाच माहीत असलेली एखादी गोष्ट.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र ‘सहज आठवण आली’ यानं होतं. दोन दिवस पोराबाळांची चौकशी, तिसऱ्या दिवशी ‘बरं, एक काम होतं’. मग आधीची आपुलकीसुद्धा त्याला गळाला लावलेलं आमिष वाटते. काम असेल तर पहिल्याच मेसेजमध्ये सांगा, पण त्याच्या हातातलं काम सांगा. परचेसवाला मनात आलं म्हणून ऑर्डर देऊ शकत नाही. व्हेंडर नोंदणी, क्वालिटीचं ऑडिट, कोटेशन हे सगळं असतं. ऑर्डर मागितलीत की तो टाळणारच. पद्धत विचारलीत तर दोन मिनिटांत सांगेल.

‘अरे, मी पाटल्या, हॉस्टेलला तुझी ड्रॉइंग शीट उतरवणारा. परवा विश्रामबागेतून जाताना तुझी आठवण झाली. एक कामही आहे. तुमच्याकडे नवीन व्हेंडर घ्यायची पद्धत काय आहे? तेवढंच हवंय, ऑर्डरचं म्हणत नाही. अडचणीचं असेल तर सोड, फोन मात्र कर.’

यात ‘संपर्कात नव्हतो, माफ कर’चा पाढा नाही. तो वाचला की समोरच्यालाही माफी मागावी लागते, कारण फोन त्यानंही केलेला नसतो. 2022 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की अचानक आलेल्या अशा निरोपाचं समोरच्याला वाटणारं अप्रूप पाठवणाऱ्याच्या अंदाजापेक्षा जास्त असतं.

तो साहेब झाला म्हणून ‘आपण कसे आहात’ नको. अरे-तुरे होतं तर तसंच राहू दे. सीनियर असतील तर अर्थातच ‘तुम्ही’.

उत्तर नाही आलं तर दहा-बारा दिवसांनी एकदाच, कामाचा विषय न काढता विचारा. ‘बघतो, सांगतो’ म्हणून गप्प झाला, तर ते नाही समजा आणि तगादा लावू नका. आणि त्यानं माहिती दिली, तर पुढं काय झालं ते त्याला कळवा, नोंदणी फेटाळली गेली तरीही. बरेचजण इथंच गायब होतात आणि पुढच्या वेळी परत ‘हाय’पासून सुरुवात करतात.