खोक्यातलं छोटं कार्ड कसं लिहावं: दोरीच्या चॉपरचा एक धडा

नवी वस्तू उघडली की पहिलं हातात येतं ते कार्ड. बहुतेक घरांत ते पुठ्ठ्याबरोबर रद्दीत जातं, आणि त्यात वाचणाऱ्याची काही चूक नसते. "अभिनंदन! आमच्या परिवारात आपले स्वागत आहे" असं लिहिलेलं कार्ड मीसुद्धा फेकते. कांदा चिरायला आलेल्या माणसाला नवा परिवार नको असतो.

मी इंदूरला सांवेर रोडवरच्या लहान कारखान्यांसाठी अशी कार्डं लिहिते. इथे उदाहरण घेते दोरी ओढून चालवायच्या चॉपरचं, कारण माझं सगळ्यात वाईट फसलेलं कार्ड त्याचंच होतं. वस्तू तुम्ही स्वतः चार दिवस वापरली आहे, असं धरून चालते. नसेल वापरली तर आधी वापरा, मग लिहायला बसा.

आधी पसारा काढा. मालकाचा संदेश, वैशिष्ट्यांची यादी, पाककृती, सगळं बाहेर. वैशिष्ट्यं वाचूनच तर घेणाऱ्या बाईंनी पैसे दिले, आता त्यांना तीच पुन्हा काय सांगायची? किंमत, उत्पादनाचा महिना, पत्ता, तक्रारीचा नंबर हे २०११च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे खोक्यावर छापावंच लागतं. ते कार्डावर पुन्हा नको.

मग पहिलं काम ठरवा. एकच. चॉपरने काय काय होतं ते सांगायचं नाही, आत्ता काय करायचं ते सांगायचं. मी निवडला पोह्यांवर घालायचा कांदा. तो प्रत्येक घरात असतो आणि काम झालं की नाही ते वाटीत डोळ्यांनी दिसतं. लसूण नको, दोन-चार पाकळ्या वाटीच्या कडेला जाऊन चिकटतात आणि पातं वरून रिकामं फिरतं. टोमॅटो नको, पाणी होतं. सुक्या खोबऱ्याचं तर नावही काढू नका. पहिल्याच प्रयत्नात वस्तू हरली तर कार्डावरचं पुढचं कुणी वाचत नाही.

इथवर सोपं आहे. खरी अडचण क्रमाची, आणि माझे दोन महिने तिथेच गेले.

माझ्या पहिल्या कार्डावर नऊ सूचना होत्या. एकूण एक बरोबर. नववी होती, "झाकण पाण्यात बुडवू नये, ओल्या कापडाने पुसावे." या चॉपरच्या झाकणात घड्याळातल्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पोलादी पट्टी असते, तीच ओढलेली दोरी परत आत घेते. आत पाणी गेलं की पट्टी गंजते, दोरी ओली राहून कुबट वास मारते, आणि एक दिवस बाहेर आलेली दोरी बाहेरच लोंबत राहते. माल बाजारात गेला आणि तक्रारी सुरू झाल्या: दोरी आत जात नाही. कारखान्यात सगळ्यांचा संशय पट्टीवर. मीही मान डोलावली, कारण कार्डावर तर स्पष्ट लिहिलं होतं.

मग एक चॉपर बंद खोक्यातच घेऊन लोकमान्यनगरला आमच्या जुन्या शेजारच्या काकूंकडे गेले. म्हटलं, "काकू, हे उघडून एक कांदा चिरून दाखवा, मी नुसती बसते." काकूंनी खोकं उघडलं. कार्ड वाटीच्या खाली होतं, ते शेवटी निघालं. चष्मा आतल्या खोलीत, म्हणून कार्ड हात लांब करून धरलं, पहिली ओळ वाचली आणि ओट्यावर ठेवून दिलं. मग वाटी, पातं आणि झाकण तिन्ही उचलून सरळ मोरीवर गेल्या आणि नळ सोडला.

मी म्हणाले, "काकू, झाकण..." त्या वळून म्हणाल्या, "अगं, नवं भांडं न धुता वापरायचं का?"

तक्रारींचं उत्तर तिथेच मिळालं. आपल्याकडे नवं भांडं धुतल्याशिवाय वापरत नाहीत, मग कार्डावर काहीही लिहा. माझी नववी सूचना पहिल्याच मिनिटाला हवी होती. वापरून झाल्यावरची गोष्ट म्हणून मी ती शेवटी ठेवली होती, कारण मी वस्तूचा क्रम लिहीत होते. बाईंच्या हातांचा क्रम वेगळा असतो.

तेव्हापासूनचा माझा नियम असा: सूचना घडणाऱ्या क्षणाच्या एक पाऊल आधी यायला हवी. 'सावधानता' असा वेगळा चौकोन करून सगळ्या धोक्याच्या गोष्टी तिथे कोंबायच्या, हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. ऐकू नका. तो चौकोन वकिलासाठी असतो, ओट्यापाशी उभ्या बाईसाठी नाही. पातं उचलण्याच्या वाक्यातच ते कुठे धरायचं ते हवं. पातं आधी बोटांत घेऊन मग पुढे 'पाते धारदार आहे' वाचण्यात काय अर्थ?

दुसरी गोष्ट, माणूस कार्डाकडे जेमतेम दोनदा बघतो: सुरू करताना आणि अडल्यावर. वापरानंतर भांडी घासताना कुणी बघत नाही. म्हणून रोजच्या धुण्याची सूचना आम्ही कार्डावरून काढली आणि झाकणाच्या आतल्या बाजूला छोटं लेबल लावलं: "मला नळाखाली धरू नका." कार्डाकडून होणार नाही ते काम वस्तूवरच लिहावं लागतं.

चाचणी घेताना तोंड बंद ठेवा. मी "काकू, झाकण..." म्हणाले तिथेच ती चाचणी बाद झाली होती. पुढे त्या प्रत्येक पावलाला माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. दुसऱ्या घरी मी हातात भाजी निवडायला घेतली, म्हणजे जीभही गुंतून राहिली. तीन घरं पुरतात, पण तुमच्या कारखान्यातलं किंवा तुमच्या घरातलं माणूस त्यात धरू नका. कुठे हात थांबला, कुठे कार्ड पुन्हा उचललं, एवढंच टिपा. हात थांबतो तिथलं वाक्य बिघडलेलं असतं. आमच्याकडे तो 'झाकण घट्ट बसवावे' इथे थांबत होता. घट्ट म्हणजे किती? 'टक् असा आवाज येईपर्यंत फिरवा' असं केल्यावर थांबणं बंद झालं.

आता आपुलकीबद्दल, कारण मालक लोकांना तीच सगळ्यात जास्त हवी असते. ती विशेषणांनी येत नाही आणि हसऱ्या चेहऱ्याच्या चित्रांनी तर नाहीच. वाचणाऱ्याच्या मनात येणारी शंका आपण आधीच ओळखली की येते. पहिल्यांदा दोरी ओढली की जड लागते, आत कर्रकर्र वाजतं आणि माणूस घाबरतो, मोडलं की काय. तिथे "असं वाजतंच" एवढं लिहिलं की जवळ कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. कंपनीचं नाव लोकांच्या लक्षात राहतं ते अशा वाक्यामुळे.

भाषा बोलती ठेवा. 'करावे, ठेवावे' म्हणजे सरकारी पाटी. 'करा, ठेवा' पुरे. आमचं कार्ड एका बाजूला हिंदी, दुसऱ्या बाजूला मराठी असतं, आणि मी दोन्ही वेगवेगळी लिहिते. हिंदीवरून उतरवलेली मराठी पहिल्याच ओळीत कळते.

शेवटी उभं राहिलेलं कार्ड हे:

आधी एकच कांदा करून बघा

१. मधला पांढरा दांडा धरून पातं उचला, ते आणि वाटी धुऊन घ्या. झाकण धुऊ नका, आत स्प्रिंग आहे. ते नुसतं पुसा.

२. पातं तसंच दांड्याला धरून वाटीतल्या खुंटीवर बसवा. कडेला बोट नको.

३. सोललेल्या कांद्याच्या आठ फोडी करून टाका. अर्ध्या वाटीच्या वर भरू नका.

४. झाकण ठेवून 'टक्' आवाज येईपर्यंत फिरवा.

५. एका हाताने झाकण दाबा, दुसऱ्या हाताने दोरी आडवी ओढा. पहिले झटके जड लागतील, आवाज होईल. असं वाजतंच.

६. सहा झटक्यांत जाडसर, बारा झटक्यांत पोह्यांवर घालण्याइतका बारीक.

*दोरी अडकली? जोर लावू नका. झाकण काढा, पात्याखाली मोठी फोड अडकली असेल. तरी नाही जमलं तर खोक्यावरच्या नंबरवर फोटो पाठवा, सकाळी १० ते संध्याकाळी ६ आम्ही बघतो.*

'आडवी' हा शब्द एका तक्रारीतून आला. उभ्याने काम करणारे दोरी वरच्या दिशेला ओढतात, मग ती भोकाच्या काठावर घासून तंतू सुटतात. झटक्यांचे आकडेही चाचणीतूनच घेतले. तुमच्या पात्याचे तुम्ही मोजा, माझे उचलू नका. वीसच्या पुढे गेलं की कांद्याला पाणी सुटतं, आणि ओला कांदा पोह्यांवर घातला तर वरची शेव आणि जीरावन मसाला दोन्ही ओलसर होतात. इंदुरात त्याला माफी नाही.

क्यूआर टाकायचा तर तो दोन सेंटिमीटरपेक्षा लहान नको, आणि तो कंपनीच्या मुख्य पानावर नेऊ नका, नेमका हाच कांदा चिरतानाच्या व्हिडिओवर न्या. व्हिडिओ बिनआवाजाचाही समजला पाहिजे. आणि पाच तारे दिलेत तर कूपन मिळेल, असलं काही छापू नका. अशी लाच अ‍ॅमेझॉनच्या नियमांत बसत नाही, शिवाय माणूस लगेच ओळखतो की पहिल्या मिनिटातच याने हात पुढे केला.

छपाईचं थोडक्यात: पोस्टकार्डाएवढा आकार, ३०० जीएसएमचा कागद, चकचकीत लॅमिनेशन नको, ट्यूबलाइटखाली अक्षरं दिसत नाहीत. काकूंचा लांब केलेला हात आठवून अक्षर ११ पॉइंटच्या खाली आणू नका. ओळींत अंतर सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो.

प्रेसवाल्याकडून कागदावर प्रूफ घ्याच. आमच्याकडे बऱ्याच प्रेस अजून कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये काम करतात, आणि युनिकोडमधला मजकूर त्यात नेताना हिंदी सुखरूप जाते, मराठी मात्र अडखळते. 'दुसऱ्या'मधला ऱ्य मोडून तिथे रफार येतो. पडद्यावर ते नजरेतून सुटतं. माझे दोन हजार 'दुसर्या' छापून आले होते.

कार्ड खोक्यात सगळ्यात वर ठेवायला सांगा, वाटीच्या खाली नाही. आणि पहिल्या खेपेला पाचशेच छापा. कोपऱ्यात बारीक अक्षरात महिना टाका, म्हणजे तक्रारीचा फोन आला की "तुमच्या कार्डावर कोपऱ्यात काय लिहिलंय?" असं विचारून कुठलं वाक्य त्यांच्यासमोर आहे ते कळतं.