ऋणनिर्देश चार पानांवर गेलाय? छाटताना या चुका टाळा

प्रबंध बाइंडिंगला जायच्या आदल्या आठवड्यात लोकांना कळतं की ऋणनिर्देश फार लांबलाय. मग घाईघाईत कात्री चालते, आणि हमखास चुकीच्या जागी चालते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे काम कापायचं आणि विशेषणं ठेवायची. ऊसतोड कामगार बायांवरचा एक प्रबंध माझ्याकडे तपासायला आला होता. ऋणनिर्देश साडेचार पानांचा. सुरुवात संस्थेच्या अध्यक्षांपासून, मार्गदर्शक थेट दुसऱ्या पानावर. ‘कमी कर’ म्हटल्यावर संशोधक बाईंनी काय काढलं? ज्या आशाताईंनी मुक्कामाला जागा दिली आणि मुकादमाशी बोलणी केली, त्यांचं वाक्य. ‘ज्ञानतपस्वी, ऋषितुल्य, अखंड प्रेरणास्रोत’ मात्र जसंच्या तसं. मी उलटं करायला लावलं. मार्गदर्शकांचा अर्ध्या पानाचा परिच्छेद असा झाला: ‘सरांनी प्रत्येक प्रकरण दोनदा वाचलं, नमुना निवडीतला घोळ त्यांनीच पकडला.’ वाचून सर खूश झाले, हे विशेष.

माझी सवय सांगते. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने लिहायचं, यांनी नेमकं काय केलं. काही सुचलं नाही तर ते नाव एकत्रित वाक्यात जातं: ‘विभागातील सर्व प्राध्यापक व कार्यालयीन कर्मचारी.’ अध्यक्ष, सचिव, प्राचार्य यांना मिळून एक वाक्य पुरतं.

क्रम मी असा ठेवते: मार्गदर्शक, संशोधन सल्लागार समिती आणि विभाग, फेलोशिप, ग्रंथालय, क्षेत्रकार्यातले लोक, मित्रमंडळी, शेवटी घरचे. घरच्यांचा परिच्छेद सगळ्यात कमी कापावा. ऊब तिथेच शोभते. फेलोशिप देणाऱ्या संस्थेने मजकूर ठरवून दिला असेल तर त्याला हात लावू नका.

दुसरी चूक जास्त गंभीर आहे. याच प्रबंधात मुलाखत दिलेल्या बायांची नावं प्रकरणांमध्ये बदललेली होती, संमतीपत्रात तसं वचनच दिलं होतं. आणि ऋणनिर्देशात? खरी नावं, गावांसकट! प्रबंध शोधगंगेवर चढला की कुणीही उघडून वाचू शकतो, मुकादमसुद्धा. तिथे ‘ज्या बायांनी कोयता खाली ठेवून माझ्याशी बोलायला वेळ काढला, त्यांची मी ऋणी आहे’ एवढं पुरलं. यादी गेली तसं अख्खं पान वाचलं. आशाताईंचं नाव ठेवायचं की नाही, हेही त्यांनाच फोन करून विचारायला लावलं. गावावरून बायांचा माग लागू नये म्हणून त्यांनी फक्त ‘एक आशाताई’ लिहायला सांगितलं.

बाकीच्या किरकोळ. बहिःस्थ परीक्षकांचे आभार मौखिकीआधी मानू नयेत. ‘ज्ञात-अज्ञात सर्वांचे’ हे वाक्य खुशाल काढा. आणि सीनियरच्या प्रबंधातून ऋणनिर्देश उचलणाऱ्यांनो, निदान त्यातल्या सासूबाईंचं नाव तरी बदला.

बाईंचा ऋणनिर्देश शेवटी सव्वा पानावर आला. अध्यक्षांची तक्रार आली नाही.