रशियन ‘मऊ’ व्यंजनं: य न घुसडता कशी ऐकावीत आणि कशी उच्चारावीत

रशियन अक्षरं तुम्हाला येतात असं धरून चालते. नसतील येत तर आधी आठवडाभर ती गिरवा, मग इथे या.

एक खुलासा आधी. आपल्या व्याकरणात कठोर आणि मृदू वर्ण असतात, क-ख कठोर, ग-घ मृदू. त्याचा इथे काडीचा संबंध नाही. रशियनमध्ये क-ग, त-द असा भेद आहेच, पण त्याशिवाय बहुतेक व्यंजनांची कडक आणि मऊ अशी जोडी असते. म्हणून मी कठोर-मृदू हे शब्द टाळून कडक आणि मऊ म्हणते. मऊ व्यंजनापुढे या लेखात (') अशी खूण करणार आहे. तिथे य लिहिणार नाही, आणि बऱ्याच जणांचं सगळं बिघडतं ते त्या य मुळेच.

पहिलं काम सोपं: या, ये, यो, यू आणि इ ही रशियन अक्षरं व्यंजनानंतर आली की ती आधीच्या व्यंजनाला ‘मऊ हो’ असं सांगतात. शब्दाच्या शेवटी किंवा दुसऱ्या व्यंजनाआधी हेच काम मऊपणाचं चिन्ह करतं. बस्स.

दुसरं काम मराठी माणसाला फुकटात मिळतं. ‘घरचा’ म्हणा, मग ‘घरची’ म्हणा. ‘चा’ला जिभेचं टोक दातांपाशी असतं, ‘ची’ला जिभेचा मधला भाग वर टाळूकडे जातो. माझा-माझी, तुझा-तुझी, सगळीकडे तेच. पुढे इ-ए आला की आपणही व्यंजन मऊ करतो, फक्त च, ज, झ एवढ्यांपुरतं, आणि नकळत. रशियनमधला कायम कडक त्स म्हणजे आपला ‘चाक’मधला च, आणि कायम मऊ च म्हणजे ‘चहा’मधला. दोन्ही तयार आहेत, त्यावर वेळ घालवू नका.

तिसरं काम कानाचं. तोंड उघडण्याआधी कान तयार करा, उलट नाही. खालच्या जोड्या फोर्व्होसारख्या साइटवर टाका आणि रशियन माणसांनी केलेले उच्चार ऐका.

```
мат — мать
брат — брать
угол — уголь
лук — люк
тесть — честь
полёт — польёт
```

पहिली जोडी मात आणि मात'. मात म्हणजे बुद्धिबळातली मात, आपलीच. रशियनमध्ये घाणेरड्या शिव्यांनाही तोच शब्द आहे. मात' म्हणजे आई. तेव्हा आईची चौकशी करताना जपून.

इथे नवशिके शेवटच्या त वर कान लावून बसतात. तो इतका छोटा असतो की हाती काही लागत नाही. त्याच्या आधीचा स्वर ऐका. मात मधला आ शेवटपर्यंत सरळ जातो. मात' मधला आ शेवटी किंचित इ कडे वळतो, आणि त सुटताना बारीक स सारखी फुसफुस येते. दोन्ही बाजूंना मऊ व्यंजन असेल तर आ चा चक्क ॲ होतो. ‘पाच’ला रशियनमध्ये प'ॲत' म्हणतात, त्यातला ॲ जवळजवळ आपल्या ‘बॅट’मधला. हा ॲ ऐकू आला की दोन्हीकडे मऊ व्यंजन आहे हे डोळे मिटून सांगता येतं.

पहिल्या चार जोड्यांतले शब्द कोणाकडून तरी उलटसुलट लावून घ्या आणि ऐकून कागदावर फक्त ‘कडक’ किंवा ‘मऊ’ लिहा. वीसपैकी अठरा बरोबर येईपर्यंत पुढे जाऊ नका.

आता खरं दुखणं.

मराठीत शिकवणारा जवळजवळ प्रत्येक जण सांगतो, ‘मऊ न म्हणजे न्य, मऊ ल म्हणजे ल्य’. मलाही हेच सांगितलं होतं आणि त्यात माझं अख्खं वर्ष गेलं. मऊ व्यंजन म्हणजे व्यंजन अधिक य नव्हे. आपला भ कसा ब अधिक ह नाही, तसंच. रशियन लिपीत भ नाही, म्हणून ते महाभारत ‘माख़ाबख़ाराता’ असं लिहितात आणि वाचतातही तसंच. ते ऐकून आपल्याला जेवढं हसू येतं तेवढंच त्यांना आपल्या ‘तान्या’चं येत असणार.

तान्या हे नाव घ्या. आपण म्हणतो तान्-या. रशियन म्हणतात ता-न'आ. जोडाक्षर आलं की आधीच्या अक्षरावर आघात द्यायची आपली सवय इथे आडवी येते. ही सवय मोडायची किल्ली मात्र मराठीतच आहे. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ मोठ्याने म्हणा. डोंगरातल्या दऱ्या म्हणताना द वर जोर येत नाही, र हलकेच पुढे सरकतो. समुद्र या अर्थाच्या दर्यात मात्र द वर आपटून र आणि य वेगवेगळे ऐकू येतात. ‘पुण्याचा’मध्येही तेच: शहराचा पुण्याचा हलका, पाप-पुण्यातला जड. तान'आ हे दऱ्यासारखं. उलट तातियाना असं आपण जे लिहितो त्या नावात मऊ त' नंतर खरोखरचा य आहे, तात'याना, ते दर्यासारखं. ओल'आ या नावाचंही आपण ‘ओल्या’ करतो, जणू बाई पावसात भिजून आल्या.

यादीतली शेवटची जोडी याचसाठी आहे. पल'ओत म्हणजे उड्डाण, पल'योत म्हणजे ‘ओतेल’. ल' दोन्हीकडे मऊच, फरक फक्त य चा. तुम्ही मऊपणासाठी य वापरत असाल तर हे दोन शब्द तुमच्या तोंडून एकच निघतील. हीच परीक्षा.

पण दऱ्या ही फक्त पायरी आहे, कारण त्यातही पुसटसा य उरतोच. तो काढण्यासाठी ओठांच्या व्यंजनांपासून सुरुवात करा. तिथे जीभ मोकळी असते. लांब ‘ई’ म्हणा. जीभ तिथेच ठेवून ओठ मिटा आणि म गुणगुणा. हा म'. आता ओठ उघडून थेट आ वर या. म'आ ला साध्या मा इतकाच वेळ लागला पाहिजे. फोनवर रेकॉर्ड करून दोन्ही शेजारी लावून ऐका. तुमचा म'आ लांबलेला वाटला तर आत य लपलाय. जीभ ई कडे व्यंजन संपल्यावर गेली, आधी नाही गेली. क्रम नेहमी हाच: आधी जीभ, मग व्यंजन. प', ब', व' असंच, मग न', मग त' आणि द'.

त' आपल्या कानाला च सारखा लागतो. मावशी-आत्याला म्हणतात तो त'ओत'आ हा शब्द मला कित्येक महिने ‘च्योच्या’ ऐकू यायचा. त्यासाठी यादीतली त'एस'त' (बायकोचे वडील) आणि चेस'त' (इज्जत) ही जोडी. त' सुटताना घासल्याचा आवाज झालाच तर स कडे झुकतो, च चा श कडे. सासरेबुवांची इज्जत होऊ द्यायची नसेल तर च म्हणायचा मोह टाळा आणि जीभ लवकर सोडा.

शब्दाच्या शेवटी मऊ व्यंजन आलं की मदतीला स्वर नसतो. तिथे ‘ब्राति’ म्हणा, मग शेवटची इ कुजबुजत म्हणा, मग तीही सोडून द्या, पण जीभ खाली आणू नका. ब्रात' झालं, म्हणजे ‘घेणे’. जीभ खाली आली तर ब्रात, म्हणजे भाऊ.

ल ला मात्र वेगळा न्याय. बाकी व्यंजनांत आपलं कडक रूप आयतं बरोबर असतं आणि मऊ शिकावं लागतं. ल चं उलटं आहे. आपला ल रशियन कानाला मऊच्या जवळचा वाटतो, म्हणून तुम्ही लूक (कांदा) म्हणता आणि समोरच्याला ल'ऊक (गटाराचं झाकण असतं ते भोक) ऐकू येतं. म्हणजे शिकायचा आहे तो कडक ल. यावर ‘ळ म्हणा’ असा सल्ला देणारे भेटतील. ऐकू नका. ळ ला जिभेचं टोक मागे वळतं. रशियन कडक ल ला टोक पुढे वरच्या दातांना लागलेलं असतं, मधली जीभ खाली बसते आणि मागचा भाग ऊ म्हणताना उठतो तसा उठतो. लांब ‘ऊ’ म्हणत राहा आणि बाकी काही न हलवता टोक दातांना चिकटवा. आला कडक ल. ‘ई’ म्हणत टोक वर चिकटवा, आला मऊ. ऊल, ईल', ऊल, ईल' अशी रोज पाच मिनिटं.

आणि दोन्ही शिका, एकच नाही. मी रशियात त्वेर या गावी होते तेव्हा कडक ल नुकताच साधला होता आणि मी तो सगळीकडे लावत सुटले होते. मे महिन्याच्या सुट्टीत तिकडे सगळे शशलिक, म्हणजे सळईवरचं मांस, भाजायला बाहेर पडतात. मी बाजारात जाऊन एका आजींना म्हटलं, मला उगल हवाय. कोळसा म्हणजे उगल', मऊ. उगल म्हणजे कोपरा, आणि राहायला दुसऱ्याच्या खोलीतला भाड्याचा कोपरा मिळतो, त्यालाही उगल म्हणतात. आजींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि खोल्यांच्या जाहिराती कुठे चिकटवलेल्या असतात ते प्रेमाने समजावून सांगितलं. कोळसा शेवटी शेजारच्या टपरीवर बोट दाखवून घेतला.

त्या गावाचं नावही मऊ र' ने संपतं, त्व'एर'. पंधराव्या शतकात आपल्या चौलला उतरलेला रशियन व्यापारी अफानासी निकितीन तिथलाच, वोल्गाकाठी त्याचा पुतळा आहे. र' मध्ये र थरथरवू नका, ई ची जीभ ठेवून एकदाच टोक लावा. द्व'एर' म्हणजे दार, त्यावर सराव करा.

राहिलं श-ष चं. रशियन कडक श साठी जिभेचं टोक वर उचला, शाळेत ‘षट्कोन’मधला ष म्हणायला लावायचे तसं. मऊ असेल तो आपला श, फक्त लांबवून.

तपासणी करताना रशियन माणसाला ‘बरोबर आलं का?’ असं विचारू नका. ते भिडस्तपणे ‘छान’ म्हणतात. यादीतले शब्द कागदावर लिहून त्यांच्यासमोर ठेवा, तुम्ही मनाला येईल त्या क्रमाने म्हणा आणि त्यांना ऐकू आलेल्या शब्दावर बोट ठेवायला सांगा. तुमच्या मनात कोळसा होता आणि बोट कोपऱ्यावर गेलं, तर तुम्ही कोपराच म्हणालात. वाद घालू नका, परत ईल' पासून सुरू करा.