वीस मीटर गेले कुठे?

चार बाजूंच्या शेताची मोजणी जुळेना. प्रत्येक बाजूची लांबी गुणिले उत्तरेपासून मोजलेल्या दिशाकोनाचा कोसाइन म्हणजे लॅटिट्यूड, उत्तर-दक्षिण सरकणं; गुणिले साइन म्हणजे डिपार्चर, पूर्व-पश्चिम सरकणं. शेताला फेरी मारून सुरुवातीच्याच जागी परत येतो, म्हणून चारही बाजूंच्या दोन्ही बेरजा शून्य यायला हव्यात. माझ्या आल्या +१७.२५ आणि +१०.०८. ही चूक चारही बाजूंत वाटून टाकायचा मोह झाला, पण आधी तिची लांबी काढली: १९.९८ मीटर, दिशा साधारण ३०°. आमची टेप २० मीटरची! आणि तिसऱ्या बाजूचा दिशाकोन २१०°, बरोबर उलटा. म्हणजे तिथेच एक टेप मोजायची राहिली. पुन्हा मोजलं: ६४.४० नव्हे, ८४.४०. उरलेले ११ सेंटिमीटर मग लांबीच्या प्रमाणात वाटले. समोरची बाजू समांतर असती, तर मात्र चूक कोणत्या बाजूत ते कळलं नसतं आणि दोन्ही मोजाव्या लागल्या असत्या.