मुळाशी चिपचिप, टोकाला पऱ्हाटी : केसांचं काय बिघडलं होतं

धुतल्यावर दुसऱ्याच दिवशी मुळं तेलकट आन टोकं पऱ्हाटीवानी कोरडी, कंगव्याच्या दातात पांढरा मेणासारखा थर. तेल लावलं, शिकेकाई झाली, शाम्पू रोज केला, चार महिने डोकं उठलं नुसतं.

मग सीरमच्या बाटलीवर पाहिलं तर पहिलंच नाव डायमेथिकोन, म्हणजे सिलिकॉन. ते आन जेल मी रोज लावत होतो, आन माझा सल्फेट नसलेला शाम्पू सौम्य, त्यानं ते पुरतं निघतच नव्हतं, केसांवर थर साचत गेला.

क्लॅरिफाइंग शाम्पू, म्हणजे साचलेला थर धुऊन काढणारा, आणला. केसं दोन मिनिटं पुरे भिजवले, दहाच्या नाण्याएवढा शाम्पू हातावर फेसून टाळूला लावला, मिनिटभर ठेवून धुतला. पहिल्यांदा फेसच आला नाही, दुसऱ्यांदा भरपूर आला. मग कंडिशनर फक्त टोकाला, सीरम बंद.

आता महिन्यातून एकदा करतो. रोज जेल-सीरम लावणाऱ्यानं पंधरा दिवसांनी करावं, रंगवलेल्या केसांना त्याहून कमी, रंग उतरते. केसं लवकर भिजत नसले की वेळ झाली समजा.

बोअरच्या पाण्याचा क्षार मात्र यानं नीट जात नाही, त्याले क्षार धरून काढणारा ईडीटीएवाला शाम्पू लागते.