शिफारसपत्रासाठी सरांची वेळ मागताना

'सर, एकदा भेटायचं होतं' एवढाच ईमेल पाठवू नका. काम काय आणि कधीपर्यंत, हे त्यांना पहिल्या दोन ओळींतच कळू द्या. समजा, अर्जाची शेवटची तारीख 15 डिसेंबर आहे. मग नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच असं लिहा:

"सर, मी गेल्या वर्षी तुमच्या सांख्यिकीच्या वर्गात होते आणि पावसाच्या नोंदींवरचा प्रकल्प तुमच्याकडे केला होता. एमएस्सीच्या अर्जासाठी शिफारसपत्र हवं आहे, मुदत 15 डिसेंबर. तुम्ही माझ्याबद्दल खात्रीने लिहू शकाल का, हे विचारायला पंधरा मिनिटं भेटू का? मंगळवारी किंवा गुरुवारी दुपारी तीननंतर मी मोकळी आहे."

'खात्रीने' हा शब्द मुद्दाम घातलाय. त्यामुळे त्यांना संकोच न करता नाही म्हणता येतं, आणि मोघम पत्रापेक्षा वेळेत मिळालेला नकार खरंच बरा.

भेट ठरली की दोन दिवस आधी बायोडेटा, गुणपत्रिका, उद्देशपत्राचा कच्चा मसुदा आणि तो प्रकल्प अहवाल पाठवा. अहवाल विसरू नका. वर्षभरात त्यांच्या हाताखालून कितीतरी मुलं जातात, तुमचं नेमकं काम त्यांना त्यावरूनच आठवेल. अर्ज अनेक ठिकाणी असतील तर प्रत्येकाची मुदत आणि पत्र कुठे द्यायचं, हे एकाच पानावर लिहा.

होकार मिळेपर्यंत त्यांचं नाव अर्जाच्या पोर्टलवर भरू नका. बऱ्याच पोर्टलवरून लगेच त्यांना ईमेल जातो.