दूरशिक्षणाची पदवी बायोडेटात लिहिताना या चुका टाळा

गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत भरतीचं काम करताना दूरशिक्षणाच्या पदव्या रोज समोर येतात. पेडणे, डिचोली, सत्तरीची मुलं दुकानात किंवा कंपनीत काम करत शिकतात. कोणी इग्नूतून, कोणी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून. पदवी खरी असते, अभ्यासही झालेला असतो. अर्ज अडतो तो बहुधा बायोडेटात ती पदवी ज्या पद्धतीने मांडलेली असते त्यामुळे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ‘दूरशिक्षण’ हा शब्द गाळणं. उमेदवाराला वाटतं, न लिहिलं तर कोण विचारणार? पण बायोडेटातच पुरावा असतो. समजा, पेडण्याच्या एका मुलाने लिहिलंय:

बी.कॉम., नाशिक विद्यापीठ, 2021–2024
अकाउंट्स असिस्टंट, म्हापसा, 2020 पासून आजपर्यंत

वाचणारा लगेच विचारणार की म्हापशात रोज पूर्णवेळ नोकरी करणारा मुलगा नाशिकच्या वर्गात कधी बसला? ‘दूरशिक्षण’ लिहिलं असतं तर नोकरी आणि शिक्षणाची हीच तीन वर्षांची सरमिसळ त्याच्या बाजूने बोलली असती. न लिहिल्यामुळे ती संशयास्पद दिसते. शिवाय लपवून काही लपतही नाही. यूजीसीच्या विनियमांनुसार पदवीच्या आणि गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला शिक्षणाची पद्धत, प्रवेशाची व पूर्ण झाल्याची तारीख आणि अभ्यासकेंद्राचं नाव-पत्ता छापायचा असतो. मुलाखतीला येणारे बरेचजण फक्त पुढच्या बाजूची झेरॉक्स आणतात. मूळ कागद उलटून बघणाऱ्याला हे पाहून काय वाटेल, याचा विचार करा. मागची बाजू आपणहून जोडलेली बरी.

दुसरी गडबड नावाची. ‘नाशिक विद्यापीठ’ नावाचं विद्यापीठ नाही. पडताळणी करणारा माणूस ते नाव शोधतो, सापडत नाही, आणि फाईल बाजूला पडते. काहीजण तर विद्यापीठाच्या जागी अभ्यासकेंद्र असलेल्या कॉलेजचं नाव टाकतात. मग पडताळणीचं पत्र त्या कॉलेजला जातं आणि तिथून उत्तर येतं की असा विद्यार्थी आमच्या नोंदीत नाही. पदवी देणारं विद्यापीठ आधी आणि पूर्ण नावाने लिहायचं. अभ्यासकेंद्र लिहायचं तर त्यानंतर.

अभ्यासकेंद्राचा मुद्दा गोव्यात जास्त नाजूक आहे, कारण हद्द जवळ आहे. राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ दूरशिक्षण आपल्या राज्याच्या हद्दीतच चालवू शकतं. त्यामुळे महाराष्ट्राच्या मुक्त विद्यापीठाचं केंद्र सिंधुदुर्गात असेल आणि पेडण्याचा मुलगा तिथे जाऊन शिकला असेल, तर केंद्र हद्दीतच आहे. पण उत्तरेकडच्या एखाद्या राज्याच्या खाजगी विद्यापीठाचं ‘स्टडी सेंटर’ म्हापशात इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर असेल, तर विद्यापीठ कितीही मान्यताप्राप्त असलं तरी त्या केंद्रातून घेतलेल्या पदवीवर प्रश्न उभा राहतो. इग्नू केंद्रीय विद्यापीठ असल्याने तिला राज्याची ही अट नाही. पूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रमांनाही हद्दीचं बंधन नसतं.

आता मान्यतेच्या पुराव्याकडे येऊ. इथे उमेदवार ‘विद्यापीठ यूजीसी मान्यताप्राप्त आहे’ एवढंच सांगून थांबतात आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळाचं मुखपृष्ठ जोडतात. ते पुरत नाही. दूरशिक्षणात मान्यता ठरावीक अभ्यासक्रमाला आणि ठरावीक शैक्षणिक सत्रापुरती मिळते. एकाच विद्यापीठाचा बी.कॉम. मान्य आणि दुसरा अभ्यासक्रम अमान्य, असं होऊ शकतं. म्हणून यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावरून (deb.ugc.ac.in) तुम्ही ज्या सत्रात प्रवेश घेतला त्या सत्राची यादी काढायची. पास झाल्याच्या वर्षाची किंवा आजची यादी चालत नाही. त्या यादीत विद्यापीठ आणि अभ्यासक्रम दोन्ही दिसले पाहिजेत.

वरच्या मुलाची ओळ अशी व्हायला हवी (बायोडेटा इंग्रजीत असेल, मजकूर हाच):

बी.कॉम. (दूरशिक्षण), यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, नाशिक. प्रवेश जुलै 2021, उत्तीर्ण 2024. अभ्यासकेंद्र: जिल्हा सिंधुदुर्ग. नोकरी सांभाळून पूर्ण. प्रवेश सत्राची यूजीसी मान्यता यादी सोबत.

यादी काढून त्यात नाव बघितल्यानंतरच शेवटचं वाक्य लिहायचं, हे वेगळं सांगायला नको. बायोडेटात यापेक्षा जास्त खुलासा नको. कायद्याचे दाखले देत अर्धं पान भरणारे अर्ज मी वाचते तेव्हा काहीतरी लपवलंय की काय, असंच वाटत राहतं.

‘समकक्षता’ कोणी विचारलीच, तर उत्तर लहान आहे. यूजीसीच्या मुक्त व दूरशिक्षण आणि ऑनलाइन कार्यक्रम विनियम, 2020 मधल्या कलम 22 नुसार मान्यताप्राप्त संस्थेची दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पद्धतीच्या पदवीशी समकक्ष धरली जाते. सप्टेंबर 2022 मध्ये यूजीसीने ते पुन्हा जाहीरही केलं. हे एक पान फाईलमध्ये ठेवा. ‘गोवा विद्यापीठाच्या बी.कॉम.शी समकक्ष’ असं मात्र स्वतःच्या मनाने लिहू नका. तसा दाखला तुमच्याकडे नसतो.

इथे पुष्कळ जण परदेशी पदवीचा नियम भारतीय पदवीला लावतात आणि भारतीय विद्यापीठ संघाचं, म्हणजे एआययूचं प्रमाणपत्र शोधत फिरतात. ते परदेशी पदव्यांसाठी असतं. परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी यूजीसीनेही 2025 मध्ये स्वतःचे विनियम आणले आहेत. लंडनहून एका वर्षाची मास्टर्स करून आलेल्या गोवेकराने जाहिरातीत कोणत्या संस्थेचा दाखला मागितलाय ते आधी पाहावं. ब्रिटनच्या एका वर्षाच्या मास्टर्सबद्दल भारत-ब्रिटन करार 2022 मध्ये झाला, पण त्यात वैद्यक, कायदा, अभियांत्रिकी असे व्यावसायिक अभ्यासक्रम नाहीत. तिथला ‘मेरिट’ वगैरे शेरा स्वतः हिशेब करून टक्क्यांत बदलू नये. जसा आहे तसा लिहावा.

काही पदव्यांना मात्र मांडणी सुधारून उपयोग नाही. अभियांत्रिकी, नर्सिंग, फार्मसी, कायदा हे विषय दूरशिक्षणाने देता येत नाहीत. हॉटेल मॅनेजमेंटही त्याच यादीत आहे आणि गोव्यात हे ऐकून अनेकांचा चेहरा पडतो. अशी पदवी हातात असेल तर तिची समकक्षता सिद्ध करायला जाऊ नका. किचनमधला किंवा फ्रंट ऑफिसमधला अनुभव वर घ्या आणि त्यावर बोला.

खाजगी कंपनीच्या जाहिरातीत ‘फक्त फुल-टाइम पदवी’ असं स्पष्ट लिहिलं असेल, तर कलम 22 पुढे करून वाद घालण्यातही अर्थ नाही. पदवी मान्य असणं वेगळं आणि कंपनीने ठेवलेली निवडीची अट वेगळी. अर्ज करण्याआधी एक मेल टाका: ‘माझी पदवी यूजीसी मान्य दूरशिक्षणाची आहे, सोबत चार वर्षांचा अकाउंट्सचा अनुभव आहे, अर्ज चालेल का?’ आमच्याकडे असा मेल आला की मी विभागप्रमुखांना विचारते आणि अनुभव जुळत असेल तर ते बहुतेकदा बोलवायला सांगतात. फॉर्मवर ‘फुल-टाइम’ची खूण करून आलेला उमेदवार मात्र पडताळणीत सापडला की निवड झाल्यानंतरही बाहेर जातो.